नाचणारा हात: पिक-अँड-प्लेस मॉडेल अडकलं कुठे आणि सुटलं कसं

जुलैचा दुसरा आठवडा, बाहेर मुसळधार पाऊस, आणि प्रयोगशाळेत मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची चार मुलं एका टेबलाभोवती हताश उभी. टेबलावर त्यांचं मॉडेल. उभा सिलिंडर खाली यायचा, त्याच्या टोकाचा रबरी कप ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला चिकटायचा, ठोकळा बोटभर वर उचलला जायचा आणि लगेच पुन्हा खाली. वर, खाली, वर, खाली. दाणे टिपणाऱ्या चिमणीसारखं हे अर्धा-अर्धा मिनिट चालायचं. मधूनच एखाद्या वेळी काय वाटायचं कोण जाणे, ठोकळा पूर्ण वर जायचा, हात पुढे सरकायचा आणि अर्ध्या वाटेवरून माघारी यायचा.

“सर, हे नाचतंय,” गटातली मुलगी म्हणाली. शब्द अगदी बरोबर होता. पुढचे चार दिवस आम्ही सगळे त्याला ‘नाच’ असंच म्हणत होतो.

मी उपनगरातल्या एका कॉलेजात वर्कशॉप आणि न्यूमॅटिक्सचं प्रात्यक्षिक शिकवतो. दरवर्षी एखादा तरी गट पिक-अँड-प्लेस घेतो, कारण दिसायला छान असतं आणि खर्च आवाक्यात असतो. यातली बहुतेक मॉडेलं एकतर नीट चालतात, नाहीतर मुळीच चालत नाहीत. चुकीचं चालणारं, तेही ठरावीक पद्धतीनं चुकणारं मॉडेल क्वचित हाती लागतं. म्हणून हे लिहून ठेवतोय.

मॉडेल काय होतं

आडवा सिलिंडर २५ मिमी बोअरचा, १५० मिमी स्ट्रोकचा. त्याच्या टोकाला उभा सिलिंडर, २० मिमी बोअर आणि ५० मिमी स्ट्रोक. रॉड स्वतःभोवती फिरू नये म्हणून दोन्हींना गाइड. उभ्याच्या खाली २० मिमीचा सक्शन कप. व्हॅक्यूमसाठी पंप नव्हता, इजेक्टर होता. इजेक्टर म्हणजे एका बारीक नोझलमधून दाबाची हवा जोरात सोडायची, म्हणजे ती जाता जाता कपातली हवा ओढून नेते. फिरणारा भाग एकही नाही. हवा चालू केली की व्हॅक्यूम, बंद केली की संपलं.

दोन्ही सिलिंडरना ५/२ व्हॉल्व्ह, दोन्ही बाजूंना कॉइल असलेले. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. अशा व्हॉल्व्हला स्प्रिंग नसते. एका कॉइलला क्षणभर वीज दिली की स्पूल सरकतो आणि वीज काढली तरी तिथेच थांबतो. दुसऱ्या कॉइलला वीज मिळेपर्यंत तो हलत नाही. इजेक्टरचा व्हॉल्व्ह मात्र साधा, एका कॉइलचा आणि स्प्रिंगवाला. वीज असेपर्यंतच चालू.

पीएलसी घ्यायला पैसे नव्हते, आणि खरं तर मीच नको म्हटलं होतं. चोवीस व्होल्टचे रिले लॅमिंग्टन रोडवरून आणले. व्हॉल्व्ह, फिटिंग आणि नळी नागदेवीतून. कंप्रेसर प्रयोगशाळेचाच, १ हॉर्सपॉवरचा, ५० लिटर टाकीचा. टाकीत ६ ते ८ बार आणि रेग्युलेटरनंतर ५ बार.

आठ पावलं

खाली, पकड, वर, पुढे, खाली, सोड, वर, मागे. एवढाच क्रम. आता रिलेच्या तर्कासाठी प्रश्न असा, की कुठल्याही क्षणी मशीनला कसं कळावं की आपण कितव्या पावलावर आहोत?

सिलिंडरच्या टोकांना रीड स्विच होते, त्यामुळे आडवा मागे आहे की पुढे आणि उभा वर आहे की खाली हे कळत होतं. पण तेवढं पुरत नाही. हात पुढे आहे आणि उभा वर आहे, ही स्थिती चक्रात दोनदा येते. एकदा ठोकळा घेऊन आल्यावर, तेव्हा खाली जायचं असतं. एकदा ठोकळा सोडून वर आल्यावर, तेव्हा मागे जायचं असतं. रीड स्विच दोन्ही वेळा तंतोतंत तेच सांगतात. वर्गात शिकवतो त्या दोन सिलिंडरच्या क्रमातही हीच गोची असते, पहिला पुढे, दुसरा पुढे, दुसरा मागे, पहिला मागे. तिथे मग जादा मेमरी व्हॉल्व्ह घालून कॅस्केड करावं लागतं.

या गटातल्या वायरिंग करणाऱ्या मुलानं मात्र एक सुंदर गोष्ट पकडली होती, आणि ती त्याला कुणी सांगितली नव्हती. त्यानं तिसरी खूण धरली: ठोकळा पकडलेला आहे की नाही. आडव्याच्या दोन अवस्था, उभ्याच्या दोन, पकडीच्या दोन, मिळून दोनाचा घन आठ. पावलंही आठच. त्यानं तक्ता मांडला तेव्हा प्रत्येक अवस्था बरोबर एकदाच येत होती, आणि एका पावलावरून पुढच्यावर जाताना तीनपैकी एकच खूण बदलत होती. म्हणजे वेगळी मेमरी लागतच नाही. मशीनची अवस्था हीच मेमरी. मी त्याची पाठ थोपटली आणि तक्त्याकडे नीट पाहिलं नाही. ती चूक माझी.

त्यानं लिहिलेली समीकरणं अशी होती. `A` आडवा, `B` उभा, `0` म्हणजे मागे किंवा वर, `1` म्हणजे पुढे किंवा खाली. `+` ची कॉइल सिलिंडरला `1` कडे नेते, `-` ची `0` कडे. `S` म्हणजे व्हॅक्यूम स्विच लागलेला, `S'` म्हणजे न लागलेला. `M` हा इजेक्टर चालू ठेवणारा, स्वतःला धरून ठेवणारा रिले.

```
M  = (a0·b1 + M) · (a1·b1)'
B+ = a0·S'·START + a1·S
B- = a0·S + a1·S'
A+ = b0·S
A- = b0·S'
```

कागदावर यात काही खोट नाही. हव्या त्या पावलापासून सुरू करून फिरून पाहा, क्रम बरोबर येतो. पारदर्शक ॲक्रिलिकच्या चकतीवर मॉडेल अर्धा तास अडखळल्याशिवाय चाललंही. मग त्यांनी खरा ठोकळा ठेवला, ५० मिमी चौरस, मिलिंगवर स्वतःच बनवलेला, साधारण १५० ग्रॅमचा, आणि नाच सुरू झाला.

संशयितांची रांग

पहिला संशय वजनावर आला. चकती हलकी, ठोकळा जड, म्हणजे कपाला पेलत नाही. हा संशय हिशोबानं दोन मिनिटांत गेला. २० मिमी कपाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर. उणे ०.४ बारवरसुद्धा पकड साडेबारा न्यूटनच्या आसपास. ठोकळ्याचं वजन दीड न्यूटन. दाबल्यावर कपाचा उपयोगी व्यास थोडा कमी होतो हे धरलं तरी चांगली पाच-सहापट शिल्लक राहते. शिवाय नाच नीट पाहिला तर ठोकळा कपापासून एकदाही सुटत नव्हता. तो कपाला चिकटूनच खाली जात होता. पेलत नसता तर पडला असता.

दुसरा संशय पाण्यावर, आणि मुंबईच्या जुलैत तो घ्यायलाच हवा. तीस अंशांच्या दमट हवेचा एक घनमीटर कंप्रेसरनं ओढला की त्यासोबत पंचवीस-एक ग्रॅम वाफ टाकीत जाते. दाबून हवेचं आकारमान एक अष्टमांश झालं, की टाकी गार झाल्यावर त्यातली तीन-चार ग्रॅमच वाफ म्हणून राहू शकते. उरलेल्याचं पाणी होतं. तासभर मॉडेल चाललं तर अर्धा कप पाणी टाकीत सहज जमतं. आम्ही टाकीखालचा ड्रेन उघडला तेव्हा गढूळ, गंजाच्या रंगाचं पाणी भळभळून आलं. मुलांचे चेहरे उजळले. फिल्टरचा बाउलही रिकामा केला. पुन्हा चालू केलं. नाच जसाच्या तसा.

तिसरा संशय कंप्रेसरवर. “सर, कंप्रेसरच छोटा आहे, हवा पुरत नाही.” हे वाक्य मी इतक्या गटांकडून ऐकलं आहे की आता त्यावर चिडत नाही, फक्त हिशोब मागतो. हिशोब त्यांनीच फळ्यावर केला. आडव्या सिलिंडरला जाऊन-येऊन मोकळ्या हवेच्या भाषेत ०.८ लिटर लागतात. उभा चक्रात दोनदा खाली आणि दोनदा वर जातो, त्याला ०.३५. एका चक्राला सव्वा लिटरच्या आतच. सहा सेकंदांचं चक्र धरलं तर मिनिटाला बारा लिटर.

मग मी विचारलं, इजेक्टरचं काय? तो त्यांनी धरलाच नव्हता. १ मिमी नोझलमधून ५ बारवर मिनिटाला पंचावन्न लिटरच्या आसपास हवा जाते. चक्राचा निम्मा वेळ तो चालू, म्हणजे सरासरी सत्तावीस. दोन सिलिंडर मिळून खातात त्याच्या दुपटीहून जास्त हवा ही बोटाएवढी नळकांडी खाते! मुलांना हे खरं वाटेना. मलाही पहिल्यांदा वाटलं नव्हतं. तरी एकूण बेरीज चाळीस लिटर, आणि १ हॉर्सपॉवरचा कंप्रेसर शंभराच्या आसपास देतो. कंप्रेसर निर्दोष. टाकीचा काटाही तेच सांगत होता, नाच चालू असताना तो ढिम्म सातवर.

चौथा उपाय त्यांनी मला न विचारता केला. वर जाण्याआधी अर्ध्या सेकंदाचा टायमर लावला, म्हणजे व्हॅक्यूम ‘पूर्ण बसेल’. नाच थांबला नाही, फक्त संथ झाला. इथे मात्र मला पहिल्यांदा काहीतरी दिसलं. थांबून, व्हॅक्यूम पूर्ण बसवून मग उचललं तरी बिघाड उचलतानाच होतो. म्हणजे बिघाड थांबलेल्या स्थितीत नाही, हालचालीत आहे.

काटा आणि फोन

व्हॉल्व्हच्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी टी लावून एक छोटं गेज बसवायला सांगितलं. नळी काढण्याआधी शट-ऑफ बंद करून आतला दाब सोडायचा, हे दर वेळी ओरडून सांगावं लागतं. २० मिमीचा सिलिंडरसुद्धा ५ बारवर पंधरा किलोच्या वजनानं बोट चेपतो, आणि दोन कॉइलचा व्हॉल्व्ह वीज बंद असली तरी शेवटच्या बाजूला हवा देतच राहतो.

मग एका मुलाच्या फोनवर स्लो मोशन लावून एकाच चौकटीत तीन गोष्टी घेतल्या: मॅनिफोल्डचं गेज, व्हॅक्यूम स्विचवरचे आकडे, आणि `S` रिलेचा दिवा. काय हललं हे डोळ्यांना दिसत होतंच. आधी काय हललं, हे कळायला हा खटाटोप.

व्हिडिओत दिसलं ते असं. सगळं शांत असताना मॅनिफोल्डला ५ बार. इजेक्टर चालू झाला की काटा ४ वर. इथपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण सगळे रेग्युलेटरवरचं गेज पाहत होते आणि ते पाचच दाखवत होतं. कप चिकटला, व्हॅक्यूम उणे ०.७ पर्यंत गेला, `S` चा दिवा लागला, उभा वर निघाला. त्याच क्षणी काटा चारवरून तीनकडे कोसळला. त्यामागोमाग व्हॅक्यूम उणे ०.५ वर घसरला. स्विच उणे ०.६ वर लावलेला होता. दिवा विझला. दिवा विझताच उभा खाली. खाली टेकल्यावर दाब सावरला, व्हॅक्यूम सावरला, दिवा लागला, उभा वर.

ॲक्रिलिकची चकती का चालत होती तेही उलगडलं. गुळगुळीत चकतीवर कपाच्या ओठातून हवा शिरत नाही, त्यामुळे व्हॅक्यूम उणे ०.८ ला बसायचा आणि हिसक्यात उणे ०.६५ पर्यंतच यायचा. स्विचच्या रेषेच्या जेमतेम अलीकडे. ठोकळ्याच्या वर मिलिंग कटरचे वर्तुळाकार ओरखडे होते, नखाला लागतील असे. त्यातून हवा सतत आत शिरत होती. म्हणजे ठोकळ्याचा दोष वजनात नव्हता, खरखरीतपणात होता.

आणि दाब का कोसळत होता? रेग्युलेटर भिंतीला, टेबल खोलीच्या मध्ये. मधली तीन मीटर नळी ४ मिमीची होती. नागदेवीत ४ ची नळी स्वस्त पडली आणि फिटिंगही ४ चीच होती, म्हणून सगळीकडे तीच. बाहेरून ४ म्हणजे आतून अडीच मिमी. पंचावन्न लिटर हवा तीन मीटर अशा भोकातून ओढली की वाटेतच एक बार जातो. त्यात उभ्याची वीस-पंचवीस लिटरच्या दराची मागणी क्षणभर वाढली, की नुकसान प्रवाहाच्या जवळजवळ वर्गानं वाढतं आणि दोन बार जातात. उभ्याला वर जाताना फ्लो कंट्रोल लावलेलाच नव्हता, त्यामुळे तो हिसक्यानं उठायचा. आडव्याला लावलेला होता, कारण तो टोकाला आदळून टेबल हलवायचा. म्हणून जास्त हवा खाणारा आडवा त्या मानानं शहाण्यासारखा वागत होता आणि छोटा उभा घोटाळा करत होता.

आधी काय दुरुस्त करायचं

कारण कळल्यावर चौघंही नळी बदलायला उठले. मी बसवलं. नळी बदलली असती तर नाच थांबला असता, मॉडेल चाललं असतं आणि खरी चूक आत तशीच राहिली असती. पुढच्या वर्षी कपाचा ओठ झिजला, कुणी आणखी खरखरीत ठोकळा ठेवला, टाकीचा दाब उतरला, की पुन्हा नाच. म्हणून अट घातली: बारीक नळी आहे तशीच ठेवायची, आणि तिच्यासकट मॉडेल चालवून दाखवायचं.

चूक कुठे होती? त्या सुंदर तक्त्यात ‘पकड’ नावाची खूण होती. तक्त्यात तिचा अर्थ होता, आपण पकडायचं ठरवलं आहे की नाही. वायरिंगमध्ये तिच्या जागी आलं होतं, या क्षणी व्हॅक्यूम रेषेच्या वर आहे की नाही. एक निर्णय, एक मोजमाप. बहुतेक वेळ दोन्ही सारखेच असतात. पण मोजमाप हालचालीत डळमळतं, आणि मशीन त्यावर ‘मी कुठल्या पावलावर आहे’ हे ठरवत असेल तर ते डळमळताच मशीनला वाटतं आपण पहिल्या पावलावर आहोत. मग ते पहिल्या पावलावर करायचं तेच करतं: खाली जातं. म्हणजे मशीन चुकत नव्हतं. त्याला जे सांगितलं जात होतं त्यावर ते अगदी बरोबर वागत होतं.

आणि गंमत म्हणजे निर्णयाची मेमरी पेटीत आधीपासून होतीच. इजेक्टर चालू ठेवणारा `M` रिले. पकडायच्या जागी खाली टेकताच तो लागतो, ठेवायच्या जागी खाली टेकताच सुटतो, आणि मध्ये व्हॅक्यूमचं काहीही होवो, तो हलत नाही. पावलं ओळखायचं काम `S` कडून काढून `M` कडे द्यायचं, एवढंच. मग `S` ला काम काय? खात्री करणं, आणि तीही मशीन थांबलेलं असताना: उचलण्याआधी ‘पकडलं का?’, वर जाण्याआधी ‘सुटलं का?’

```
B+ = a0·M'·START + a1·M
B- = a0·M·S + a1·M'·S'
A+ = b0·M
A- = b0·M'
```

आता उचलताना व्हॅक्यूम घसरला तर काय होतं ते पाहा. `S` जातो, म्हणून `B-` ची वीज जाते. पण `M` अजून लागलेलाच असल्यामुळे `B+` ला वीज मिळत नाही. दोन्ही कॉइल मोकळ्या. आणि दोन कॉइलचा ५/२ व्हॉल्व्ह अशा वेळी काय करतो? आहे तिथेच राहतो. उभा वर जात राहतो. वर जायला `S` ची क्षणभर संमती मिळाली की पुरे, पुढचं व्हॉल्व्ह लक्षात ठेवतो. इथे स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह असता तर हा तर्क चालला नसता, वर जाण्याचा आदेशही रिलेनं धरून ठेवावा लागला असता.

वायरिंग बदलायला पाऊण तास लागला. `M` चार चेंजओव्हर संपर्कांचा, चौदा पायांचा रिले होता. एक संपर्क स्वतःला धरून ठेवायला, एक आडव्यासाठी, एक ‘हात मागे’ असतानाच्या उभ्यासाठी, एक ‘हात पुढे’ असतानाच्या उभ्यासाठी. इजेक्टरची कॉइल `M` च्या कॉइललाच समांतर. चारही संपर्क बरोबर पुरले, एकही उरला नाही. वायरिंग करणारा मुलगा टायमर काढून माझ्या टेबलावर ठेवून गेला, न बोलता.

चालू केलं. तीच बारीक नळी, तोच खरखरीत ठोकळा. काटा आधीसारखाच तीनकडे कोसळत होता, `S` चा दिवा प्रत्येक उचलीत लुकलुकत होता, आणि ठोकळा मुकाट्यानं वर, पुढे, खाली. व्हॅक्यूम उणे ०.५ झाला तरी पकड वजनाच्या कितीतरी पट असते, हे हिशोबानं आधीच ठाऊक होतं.

याची किंमत

नवा तर्क जुन्यापेक्षा सरसकट चांगला आहे असं मात्र नाही. जुन्यात एक न मागता मिळालेला गुण होता. वाटेत ठोकळा खरंच पडला, तर व्हॅक्यूम जायचा आणि हात आपोआप मागे येऊन पुन्हा उचलायला जायचा. नव्यात `M` ला पडझडीची खबरच नाही. हात रिकामा कप घेऊन ऐटीत पुढे जाईल, खाली टेकेल, काहीच न ठेवता परत येईल. कारखान्यात हे नाचापेक्षा वाईट, कारण नाच निदान दिसतो.

मुलीनं सुचवलं की वाटेत सतत `S` पाहू आणि गेला की थांबवू. मी विचारलं, मग बारीक नळीवर काय होईल? तिनं स्वतःच डोक्याला हात लावला. हालचालीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खोटं येतं, हेच तर चार दिवस पाहिलं. म्हणून प्रश्न विचारायची जागा हवी ती हात पुढे पोचून स्थिर झाल्यावर, खाली जाण्याआधी. तिथे `S` नसेल तर खाली जायचं नाही, लाल दिवा लावायचा.

```
B+   = a0·M'·START + a1·M·S
LAMP = a1·b0·M·S'
```

हात टोकाला पोचल्यावर व्हॅक्यूम सावरेपर्यंत दिवा पापणी लवावी तसा लुकलुकतो. ते चालतं. ठोकळा खरंच नसेल तर दिवा लागून राहतो आणि हात तिथेच थांबतो. सोडवायला `M` च्या धरून ठेवणाऱ्या वाटेत एक रीसेट बटण घातलं. ते दाबलं की `M` सुटतो आणि हात मागे येतो. एक गोष्ट मात्र तशीच सोडून दिली: वीज गेली की `M` सुटतो, इजेक्टर बंद होतो आणि ठोकळा पडतो. टेबलावरच्या दीडशे ग्रॅमला खाली ट्रे पुरतो. काच किंवा पत्रा उचलायचा असता तर इजेक्टरचा व्हॉल्व्ह असा निवडता आलाच नसता.

मग नळी बदलली. रेग्युलेटर ते मॅनिफोल्ड ६ मिमीची, आतून ४. अडीचचं चार झालं एवढंच, पण नळीतलं नुकसान व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घातानं घटतं, त्यामुळे उचलीच्या क्षणीही काटा ४.८ च्या खाली गेला नाही. पुढे सिलिंडरना जाणाऱ्या छोट्या नळ्या ४ च्याच ठेवल्या, तिथे काही अडत नव्हतं. उभ्याला वर जाताना फ्लो कंट्रोल लावला. व्हॅक्यूम स्विच उणे ०.४ ला लागेल आणि उणे ०.२५ ला सुटेल असा केला. उणे ०.६ कुठून आलं होतं विचारलं, तर इजेक्टरच्या माहितीपत्रकात जास्तीत जास्त व्हॅक्यूमचा आकडा होता, त्याच्या थोडं आत म्हणून. ठोकळ्याला किती लागतो, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मॉडेल दोन चक्रं पाहिलं, आणि तिसऱ्या चक्रात हात वाटेत असताना ठोकळा सरळ हातानं ओढून घेतला. हात पुढे गेला, थांबला, लाल दिवा लागला. “रिलेवर?” ते म्हणाले, आणि पेटीचं झाकण उघडायला सांगितलं.

मॉडेल आता प्रयोगशाळेत आहे. यंदाच्या गटाला ठोकळा सुटायला लागणारा वेळ कमी करायचा आहे, कारण गुळगुळीत चकती व्हॅक्यूम बंद केल्यावरही क्षणभर कपाला चिकटून राहते. त्यासाठी कपात उलट हवेचा छोटा झोत सोडायचा आहे. त्यांना सांगून ठेवलंय, `M` वर एकही संपर्क शिल्लक नाही, दुसरा रिले आणावा लागेल.